जुन्या रमी खात्यात अडकलेले पैसे

ऑगस्ट २०२५च्या कायद्यानंतर पैसे लावून खेळायची ॲपं बंद झाली, पण वॉलेटमधली शिल्लक खेळणाऱ्याचीच राहिली. ती काढायला उशीर नको. बरेच महिने लॉगिन नसेल तर दरमहा निष्क्रियता शुल्क कापायची अट काही कंपन्या घालतात. समजा, १,८६० रुपये पडून आहेत आणि कपात महिन्याला ५० रुपये आहे. वर्षात ६०० गेले!

आधी लॉगिन करून शिल्लक आणि व्यवहारांच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या. कपात कधीपासून झाली ते त्यातच दिसतं. बोनसची रक्कम सहसा काढता येत नाही. पॅन आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नसेल तर पैसे अडतात. माझ्या मते बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

३० टक्के टीडीएस फक्त निव्वळ जिंकलेल्या रकमेवर लागतो. एक एप्रिलला खात्यात असलेले तेच १,८६० काढले तर कर कापला जाऊ नये.

कंपनी दाद देत नसेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर. ‘आधी फी भरा, मग पैसे सोडतो’ असा फोन आला तर तो भामट्याचा समजा.