ताप, डोकेदुखी आणि पुढे न वाकणारी मान

मान धरली की घरात पहिला दोष उशीला जातो. मग बाम चोळला जातो, गरम पाण्याची पिशवी येते, एखादी वेदनाशामक गोळी घेतली जाते आणि बहुतेक वेळा दोन दिवसांत मान सुटतेही. या नेहमीच्या अनुभवामुळेच घोटाळा होतो. आखडलेल्या मानेसोबत ताप आणि ठणकणारं डोकं आलं, तरी उपचार बामाचेच चालू राहतात. ही तीन लक्षणं एकत्र आली की आधी एकाच गोष्टीचा छडा लावावा लागतो: हा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, तर नाही ना? आणि तो छडा लावायला हाताशी फार तास नसतात.

डॉक्टर वारंवार पाहतात तसं एक उदाहरण घेऊ. समजा, चाळिशीतला एक माणूस आहे. लहानपणापासून त्याचा डावा कान अधूनमधून वाहतो; थेंब टाकले की थांबतो, म्हणून कुणी मनावर घेतलेलं नाही. सोमवारी कान दुखू लागला. मंगळवारी सकाळी थंडी वाजून ताप आला, दुपारपर्यंत डोकं इतकं ठणकू लागलं की गोळीने जेमतेम तासभर उतार पडला. संध्याकाळी मान ताठ झाली, एक उलटी झाली, खोलीतला दिवा सहन होईना. घरच्यांनी ‘व्हायरल’ म्हणून झोपू दिलं. बुधवारी पहाटे बायकोने हाक मारली तेव्हा त्याने डोळे उघडले, पण उत्तर भलतंच दिलं.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणं असतात आणि त्यांच्यामध्ये खेळतं राहणारं नितळ पाणी असतं, मोठ्या माणसात साधारण दीडशे मिलीलिटर. रक्तातल्या संरक्षक पेशी आणि प्रतिपिंडं या पाण्यात फारशी नसतात. त्यामुळे न्यूमोकॉकससारखा जीवाणू कानामागच्या हाडातून किंवा रक्तातून एकदा तिथे शिरला, की सुरुवातीला त्याला अडवणारं कोणीच नसतं. आवरणं सुजतात. मान पुढे वाकवली की पाठीच्या कण्यातली हीच सुजलेली आवरणं आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या नसांची मुळं ताणली जातात, आणि तो ताण होऊ नये म्हणून मानेमागचे स्नायू आपोआप घट्ट होतात. ताठरपणा स्नायूत जाणवतो, कारण मात्र आत असतं.

वाहता कान आणि मेंदूचं आवरण यांच्यात हाडाचा पातळ पडदाच काय तो असतो. नाटककार ऑस्कर वाइल्ड १९०० मध्ये पॅरिसमध्ये गेला तो कानाच्या जुन्या दुखण्यानंतर झालेल्या मेनिंजायटिसनेच. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज ती आहेत, पण वाहत्या कानाकडे पाहण्याची आपली सवय फारशी बदललेली नाही, आणि ती बदलायला हवी.

साधी अवघडलेली मान आणि ही मान यांतला फरक घरीही थोडाफार ओळखता येतो. झोपेत अवघडलेली मान सहसा एका बाजूला वळवताना दुखते. मणक्यांची झीज असेल तर मान सगळ्याच दिशांना कमी फिरते. मेनिंजायटिसमध्ये मान डावी-उजवीकडे बऱ्यापैकी वळते, पण हनुवटी छातीला टेकवायला सांगितलं की मधेच अडते आणि दुखणं पाठीपर्यंत उतरतं. पडल्या-झडल्यानंतर मान दुखत असेल तर मात्र हा प्रयोग अजिबात करू नये.

इथे एक इशारा फार महत्त्वाचा आहे. मान वाकली म्हणून मेनिंजायटिस नाही, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. नेदरलँड्समध्ये मोठ्या माणसांच्या जीवाणूजन्य मेनिंजायटिसच्या ६९६ प्रसंगांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ताप, ताठ मान आणि बदललेली शुद्ध ही पुस्तकी त्रयी त्यात फक्त ४४ टक्के रुग्णांत एकत्र सापडली. पण त्या तिघांत डोकेदुखी मिळवली, तर चारपैकी किमान दोन लक्षणं ९५ टक्के रुग्णांत होती. म्हणून अनुभवी डॉक्टर सगळी चिन्हं जमायची वाट पाहत नाहीत. वैद्यकीय विद्यार्थी पाय आणि मान वाकवून पाहण्याच्या कर्निग आणि ब्रुडझिन्स्की यांच्या चाचण्या शिकतात. त्याही कित्येक रुग्णांत काहीच दाखवत नाहीत.

तान्ह्या बाळात तर मान बहुधा ताठ होतच नाही. बाळ दूध ओढत नाही, उचलून घेतल्यावर शांत व्हायचं सोडून जास्तच किरकिरतं, सुस्त पडतं किंवा कर्कश रडतं, आणि टाळू फुगलेली लागते. उतारवयात याच्या उलट अडचण: मान आधीच झिजेमुळे ताठ असते, ताप कमी असतो आणि आजोबा अचानक ‘काहीतरी बरळायला लागले’ एवढंच घरच्यांना दिसतं.

घाई कशासाठी? जीवाणूंशी लढताना उठलेल्या दाहामुळे मेंदूला सूज येते. कवटीला फुगायला जागा नसल्याने आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो, झटके येतात. आतल्या कानापर्यंत दाह पोचला तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जीवाणूजन्य मेनिंजायटिस झालेल्या दर सहा जणांपैकी एक दगावतो आणि दर पाचांपैकी एकाला गंभीर स्वरूपाचं नुकसान सोसावं लागतं. उपचार सुरू व्हायला लागलेला प्रत्येक तास हा हिशेब बिघडवतो.

आता आपल्या रुग्णाकडे. बुधवारी पहाटे तो रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोचला, तर तिथल्या कामाचा क्रमच जीव वाचवणारा ठरतो. प्रथम रक्त कल्चरसाठी घेतलं जातं, सोबत रक्तातली साखरही. त्याची शुद्ध नीट असती, हातापायात कमजोरी नसती, झटका आला नसता, तर लगेच पाठीतलं पाणी काढलं असतं. पण हा असंबद्ध बोलतो आहे. मेंदूत गळू किंवा मोठी सूज असेल तर पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून आधी सीटी स्कॅन हवा. नेमकी इथेच चूक होते. स्कॅनची पाळी, मग रिपोर्ट, मग पाणी आणि त्यानंतर औषध, असं करता करता सकाळ उलटते. योग्य क्रम असा की रक्त घेतल्याबरोबर शिरेतून डेक्सामेथासोन आणि त्याच्याच सोबत सेफ्ट्रिअक्झोन आणि व्हँकोमायसिन सुरू करायचं; वय जास्त असेल तर लिस्टेरियासाठी अँपिसिलिनही. हे सगळं रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात. त्यानंतर स्कॅन, आणि स्कॅन ठीक असला की पाणी.

डेक्सामेथासोन आधी किंवा बरोबरच का? प्रतिजैविकाने जीवाणू फुटतात तेव्हा त्यांचे तुकडे दाह आणखी भडकवतात. स्टेरॉईड तो भडका आवरतं. युरोपातल्या ३०१ रुग्णांवरच्या चाचणीत, २००२ साली, न्यूमोकॉकसमुळे होणारं मृत्यूचं प्रमाण यामुळे ३४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आलं. आफ्रिकेतल्या मलावीत असा फायदा दिसला नाही, त्यामुळे हे औषध कुठे कितपत उपयोगी यावर डॉक्टरांना तारतम्य ठेवावं लागतं.

पाठीतल्या पाण्याचं नाव काढलं की नातेवाईक दचकतात. ‘सुई लागून पाय जातील’ ही भीती आजही सर्रास ऐकू येते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या बाजूलाच संपतो. सुई त्याच्या बरीच खाली, पाण्याच्या पिशवीत जाते. सिझेरियनच्या वेळी ज्या स्त्रियांच्या पाठीत भूल दिली जाते, त्यांच्या पाठीत सुई साधारण याच जागी गेलेली असते. नंतर काही जणांचं डोकं दोन-चार दिवस दुखतं, उठून बसलं की जास्त. एवढा त्रास संभवतो. त्या बदल्यात निदान हाती येतं.

आपल्या रुग्णाचं पाणी नितळ नाही, गढूळ आहे. जिथे पाचपर्यंत पांढऱ्या पेशी चालतात तिथे १८००, त्यांतल्या बहुतेक जीवाणूंवर धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल. या पाण्यातली साखर एरवी रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश असते. इथे रक्तात १३० आणि पाण्यात १८. रक्तातली साखर त्याच वेळी तपासलेली नसती तर हा १८ पुरता उमगला नसता. रंग देऊन पाहिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली जोडीजोडीने बसलेले जीवाणू दिसतात, न्यूमोकॉकसला शोभतील असे. विषाणूजन्य मेनिंजायटिस असता तर पेशी कमी आणि वेगळ्या जातीच्या असत्या, साखर बहुधा जागेवर असती आणि बहुतेकदा तो माणूस प्रतिजैविकांशिवायही बरा झाला असता. बाहेरून मात्र पहिल्या दिवशी दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात.

भारतात आणखी एक रूप विसरून चालत नाही. क्षयाचा मेनिंजायटिस सावकाश येतो: दोन-तीन आठवडे बारीक ताप, रेंगाळणारी डोकेदुखी, भूक नाही, चिडचिड, आणि मान बरीच उशिरा ताठ होते. पाण्यातली साखर इथेही घटते, पण पेशी मुख्यतः लिंफोसाइट असतात. सीबीनॅट तपासणीत क्षयाचा जंतू सापडला तर उत्तम. नाही सापडला तरी संशय दाट असेल तर औषधं थांबवली जात नाहीत, कारण ही तपासणी नकारार्थी आली म्हणून क्षय नाही असं ठरत नाही.

लसींनी चित्र बदललं आहे. बाळांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलेंट लशीत हिब जीवाणूविरुद्धचा भाग आहे, आणि न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली. मेनिंगोकॉकस हा तिसरा जीवाणू मात्र साथ आणतो. दिल्लीत २००५ मध्ये ती आली होती. त्यात तापासोबत अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठतात आणि दाबले तरी फिके होत नाहीत. सावळ्या त्वचेवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पाहावी. अशा रुग्णाच्या घरातल्या माणसांनाही डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात.

मेनिंजायटिसमधून उठलेल्या मुलाची किंवा मोठ्याची ऐकण्याची तपासणी पहिल्या चार आठवड्यांत व्हायलाच हवी. आतल्या कानाच्या शंखात हाड भरू लागलं की कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं कठीण होत जातं.

घरी केलेली एक गोष्ट निदान सर्वांत जास्त अवघड करते: औषधाच्या दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या. त्यांनी आजार बरा होत नाही, पण कल्चरमध्ये जंतू उगवेनासे होतात. म्हणून ताप आणि डोकेदुखीसोबत मान पुढे वाकेनाशी झाली, किंवा माणूस गुंगीत गेला, उलट्या थांबेनात, झटका आला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत ठेवा. लक्षणं कोणत्या दिवशी आणि किती वाजता सुरू झाली ते सांगा, आणि कान वाहतो का, पूर्वी डोक्याला मार लागला होता का, घरात कुणाला क्षय आहे का, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा.