यंत्राच्या कामाचा ताळा

उधारीची आठवण ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप जाऊ लागली, की दुकानदार हळूहळू तिच्याकडे बघायचं सोडून देतो. ती बंद पडली किंवा भलत्याच माणसाला गेली, तरी गल्ल्यावर बसून ते कळत नाही. म्हणूनच यंत्रणा बसवून देणाऱ्याने दर महिन्याला मालकाला हिशेबाचा एक ईमेल पाठवायचा असतो. त्याची कसोटी एकच: आकड्यांचा ताळा जुळला पाहिजे.

समजा, एका हार्डवेअरच्या दुकानात महिन्यावर थकलेली 84 खाती आहेत. ईमेलमध्ये ‘80 संदेश पाठवले’ एवढंच लिहिलं, तर उरलेल्या चार खात्यांचं काय झालं हे समजत नाही. नीट हिशेब असा: चार खाती मालकाच्या सांगण्यावरून वगळली, 71 जणांना संदेश पोहोचला, नऊ जणांना पोहोचला नाही. त्या नवांपैकी सहा नंबर चुकीचे होते किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हते. तिघांकडे एकच टिक राहिली. संदेश ‘गेला’ आणि ‘पोहोचला’ यांत हाच फरक असतो.

आता वसुली. पोहोचलेल्यांपैकी 38 जणांनी सात दिवसांत काही ना काही रक्कम भरली. ‘संदेशामुळे भरली’ असं लिहिण्याचा मोह होतो, पण आदल्या महिन्यात आठवण न करताही त्याच दिवसांत 27 जणांनी भरली होती. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत आणि श्रेय घ्यायचंच तर वरच्या अकरांपुरतं घ्यावं. त्यातही पगाराच्या तारखांचा हात असू शकतो, हे सांगावं.

सर्वांत महत्त्वाची चूक मात्र ‘पोहोचले’ या आकड्यातच लपलेली असते. 71 पैकी चौघांनी शनिवारी संध्याकाळीच रोख पैसे भरले होते. वहीतली ती नोंद संगणकावर चढली सोमवारी दुपारी, आणि आठवण गेली सोमवारी सकाळी दहाला. यंत्राच्या लेखी चारही संदेश यशस्वी. ग्राहकाच्या लेखी मात्र पैसे देऊनही तगादा. अशी चूक शोधायची, तर संदेशांची यादी रोजकीर्दीशी ताडून बघावी लागते. ती ईमेलमध्ये पहिल्याच परिच्छेदात यावी, कारण त्या चौघांना फोन करून माफी मागण्याचं काम मालकाचं आहे आणि ते उशिरा करून चालत नाही.

शेवटी पुढच्या महिन्याचं काम लिहावं, तेही कामागणिक माणूस आणि तारीख घालून. इथे तीन कामं निघतात. आठवणीची वेळ सकाळी दहाऐवजी दुपारी चार करणं आणि मालकाने यादी पाहून होकार दिल्याशिवाय संदेश न सोडणं, ही दोन यंत्रणा बसवणाऱ्याची. सहा नंबर दुरुस्त करणं दुकानातल्या माणसाचं. पुढच्या ईमेलची सुरुवात या तिन्हींचं काय झालं इथूनच करावी.