जमिनीखाली तळं नसतं

(एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील भाषणाचे शब्दांकन)

मुलांनो आणि पालकहो, आत्ता आम्ही प्रदर्शनातली सगळी मॉडेलं पाहत आलो. एका मॉडेलपाशी आम्ही जरा जास्त रेंगाळलो. काचेची पेटी, वर माती, त्यावर हिरवं शेत, आणि तळाशी निळ्या रंगाचं पाणी भरलेलं. बोअरची नळी त्या निळ्यात बुडवलेली. मॉडेल सुबक होतं, पण महाराष्ट्राच्या बहुतेक भागात जमिनीखाली असं तळं नसतं. घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण तळं आहे असं मानलं की नळी आणखी खोल घातल्यावर पाणी लागणारच, असं वाटतं.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, भूशास्त्र नव्हे. पण चुकीच्या गृहीतकातून किती पक्के निष्कर्ष निघतात, हे ओळखायची सवय आहे. तर गृहीतक तपासू.

आपल्या राज्याच्या सुमारे 80 टक्के भूभागाखाली काळा पाषाण आहे. लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला. या दगडात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या दगडाच्या पोकळ्यांत आणि भेगांमध्ये. खालचा अभंग पाषाण जवळजवळ कोरडाच. शंभर घागरी मावतील एवढा भिजलेला मुरूम घेतला, तर त्यातून उपसता येणारं पाणी साधारण एक ते तीन घागरी. आपण दोन धरू.

आता हिशोब करा. एक हेक्टर म्हणजे 10 हजार चौरस मीटर. तिथली पाणीपातळी एक मीटर खाली गेली, तर आपण किती पाणी काढलं? 10 हजार घनमीटरचे दोन टक्के, म्हणजे 200 घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. पाच माणसांचं घर दिवसाला 500 लिटर वापरत असेल, तर हे पाणी त्याला 400 दिवस पुरतं. पण त्याच हेक्टरवर तीस घरं असली तर? तेरा-चौदा दिवसांत संपलं.

याची उलट बाजूही आहे बरं का. कोठार लहान असलं की ते लवकर भरतंही. 600 मिलिमीटर पावसातलं दहा टक्के पाणी मुरलं, तर 60 मिलिमीटर झालं. तेवढ्यानं पातळी तीन मीटर वर येते. म्हणून पावसाळ्यानंतर विहिरी भरलेल्या दिसतात आणि मार्चमध्ये तळ दिसतो.

मग खोल बोअर घेऊन काय होतं? आमच्याच सोसायटीनं घेतली, तीनशे फूट. दोन वर्षं पाणी आलं आणि आम्ही खूश. पण ते पाणी तीनशे फुटांवरचं नव्हतंच फारसं. वरच्या भेगांमधून ओढलेलं होतं. शेजारच्या जुन्या विहिरीत ते दिसून आलं, ती फेब्रुवारीतच आटायला लागली. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्यानं 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातलेत, त्यामागचं एक कारण हेच.

घरात काय करायचं? आधी मोजायचं. नळ बारीक गळतोय, त्याखाली पेला ठेवा. 200 मिलिलिटरचा पेला चार मिनिटांत भरला, तर दिवसाला 72 लिटर गेले. संडासाची टाकी गुपचूप गळते, आवाजही येत नाही. रात्री झोपताना टाकीत खायचा रंग टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर आतला वॉशर गेलाय. प्लंबरकडून तो बदलायला फार खर्च नाही. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा. झाडांना मात्र रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात.

छप्परही मोजा. 50 चौरस मीटर गच्ची, 600 मिलिमीटर पाऊस, म्हणजे 30 हजार लिटर. त्यातलं 80 टक्के हाती लागलं, तरी 24 हजार; मघाच्या घराला 48 दिवस. पण पहिल्या एकदोन सरींचं पाणी बाहेर सोडा, गच्चीवरची घाण त्यात असते. उरलेलं वाळू-खडीच्या गाळणीतून शोषखड्ड्यात न्या. गढूळ पाणी थेट बोअरमध्ये कधीच सोडू नका. भेगा गाळानं बुजतात आणि घाण थेट भूजलात जाते.

शेवटचं काम मुलांसाठी. जवळच्या वापरातल्या विहिरीत, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. ऑक्टोबरअखेर एकदा आणि मे महिन्यात एकदा, शक्यतो सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी. मे महिन्याचा आकडा पाहून लगेच घाबरू नका, तो खाली जाणारच. ऑक्टोबरचा आकडा बघा. पाऊस नेहमीएवढा पडूनही विहीर दरवर्षी आधीच्या ऑक्टोबरएवढी भरत नसेल, तर जेवढं मुरतं त्याहून जास्त आपण उपसतोय. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात निळ्या पेटीशेजारी ती वही ठेवा, आम्ही आधी तीच बघू.