चोरी ते दरोडा : पाचवा माणूस कोण?

वस्तीतल्या पोराला पोलिसांनी उचलले की घरच्यांच्या कानावर एकच शब्द पडतो, 'दरोडा'. कायद्यात मात्र हा शब्द शिडीची शेवटची पायरी आहे. खालच्या पायऱ्या सिद्ध झाल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही.

समजा, घाटकोपर स्टेशनच्या बाकावर झोपलेल्या प्रवाशाच्या खिशातून कोणी मोबाईल काढला. परवानगी नाही, हेतू अप्रामाणिक आणि वस्तू जागची हलली. ही झाली चोरी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

अंधेरीच्या दुकानदाराला कोणी धमकावले, "उद्या पैसे दे, नाहीतर दुकान फोडू," आणि त्याने भीतीपोटी दिले. इथे वस्तू मालकाच्याच हातून गेली, पण भीतीने. ही खंडणी. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता प्रवासी जागा झाला आणि मोबाईल घेऊन पळता यावे म्हणून चोराने त्याला मारले, तर चोरीची जबरी चोरी होते. दुकानदारासमोर सुरा धरून गल्ला तिथल्या तिथे रिता करून घेतला, तर खंडणीचीही जबरी चोरी होते. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. मात्र मारहाण चोरीसाठी किंवा माल नेण्यासाठीच हवी. मोबाईल टाकून, केवळ सुटका करून घेण्यासाठी धक्काबुक्की केली, तर चोरी आणि मारहाण असे दोन वेगळे गुन्हे होतात. जबरी चोरी होत नाही.

हीच जबरी चोरी पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की दरोडा. हजर राहून मदत करणाराही मोजला जातो. शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत, आणि दरोड्यात खून झाला तर फाशीपर्यंत. म्हणून फिर्याद हाती येताच विचारा : बळ कशासाठी वापरले? माणसे किती, आणि पाचवा कोणी पाहिला? पाच जण होते हेच सिद्ध झाले नाही, तर दरोडा टिकत नाही.

संख्या जुळली तरी माणसे तीच आहेत का, हा प्रश्न उरतोच. नाशिकजवळ जून २००३ मध्ये दरोडा, खून आणि बलात्काराचा भीषण गुन्हा घडला. भटक्या जमातीतील सहा जणांवर खटला चालला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेऊन पुन्हा सुनावणी केली. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हे तेव्हा पुढे आले. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश झाला.

दरोडा खरा होता. दरोडेखोर मात्र मोजून आणलेले होते.