अ‍ॅट्रोपिन कधी पुरे झाले?

वैद्यकीय विद्यार्थी एकमेकांच्या उजळणीसाठी प्रश्न रचतात, तेव्हा कस लागतो तो स्पष्टीकरणात. हा एक नमुना पाहा.

फवारणीनंतर शेतकऱ्याला घाम, लाळ आणि छातीत घरघर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अ‍ॅट्रोपिन सुरू आहे. मात्रा पुरेशी झाली, हे मुख्यतः कशावरून ठरवाल?
(अ) बाहुल्या मोठ्या होणे
(ब) छातीतील घरघर थांबणे
(क) स्नायूंची ताकद परतणे

उत्तर: ब. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलिन मोडणारे विकर निकामी करते. साचलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनमुळे श्वासनलिका आवळतात, स्रावांनी भरतात आणि रुग्ण गुदमरतो. अ‍ॅट्रोपिन तेथील मस्करिनिक ग्राही अडवते. म्हणून छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात; नाडी ८० च्या वर आहे ना, हेही पाहतात.

‘अ’ फसवा आहे. विष डोळ्यात उडाले असेल, तर बाहुल्या उशिरापर्यंत बारीकच राहू शकतात. ‘क’ चूक, कारण स्नायूंवरील ग्राही निकोटिनिक असतात. तिथे अ‍ॅट्रोपिन चालत नाही. त्यामुळे छाती मोकळी झाली तरी श्वासाचे स्नायू थकत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावेच लागते.