विहिरीच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास : औषध वरून टाका, माणूस खाली उतरवू नका

ढाणकीत नळाचे पाणी पुरले नाही की पुष्कळ घरे अंगणातल्या जुन्या विहिरीकडे वळतात. पण बरेच महिने न उपसलेल्या, फळ्यांनी झाकलेल्या विहिरीची मोटर सुरू केली की कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो. विहिरीत पडलेला पालापाचोळा तळाशी कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे जंतू पाण्यातल्या सल्फेट क्षारापासून हा वायू तयार करतात.

आधी वास कुठून येतो ते ओळखावे. विहिरीचे ताजे गार पाणी ग्लासात घेऊन मोकळ्या हवेत वास घ्या. तिथेही वास आला तर दोष विहिरीत आहे. गार पाणी चांगले आणि फक्त गिझरचे गरम पाणी घाण वासाचे असेल, तर दोष गिझरमध्ये आहे. गिझरच्या टाकीला गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते, तिच्यामुळे या जंतूंचे काम सोपे होते. मिस्त्रीकडून टाकी धुऊन घ्यावी आणि कांडी ॲल्युमिनियम-जस्ताची बसवावी.

आता विहिरीचे उदाहरण घेऊ. विहीर आठ फूट रुंद आहे आणि दहा फूट पाणी आहे, म्हणजे सुमारे 14,000 लिटर. आधी काठावरूनच गळ टाकून कचरा काढावा आणि मोटरने शक्य तितके पाणी उपसावे. झरे पुन्हा भरले की ब्लीचिंग पावडर टाकायची. एवढ्या पाण्याला ताजी पावडर सुमारे दोन किलो लागते. उघड्या पुड्यातली जुनी पावडर कमजोर झालेली असते, ती वापरू नये. एका बादली पाण्यात शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पावडर कालवू नये. दहा मिनिटे चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने विहिरीत सोडून हलवावी. अशा वीस बादल्या होतात. हे काम संध्याकाळी करावे, रात्रभर कुणी पाणी काढू नये. सकाळी ब्लीचिंगचा उग्र वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकावे. ते झाडांना किंवा नाल्यात सोडू नये, मोकळ्या जमिनीवर जिरवावे. पुढे नेहमीसाठी एवढ्याच पाण्याला 35 ग्रॅम पावडर टाकून तासभर थांबले की पुरते.

दोन-तीन आठवड्यांत वास परत आला, तर कुजणारे काहीतरी तळाशी उरले आहे किंवा जवळच्या शौचालयाच्या टाकीचे पाणी विहिरीत झिरपते आहे. पिण्याच्या पाण्यात हा वायू लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या वर नसावा असे भारतीय मानक सांगते. एवढ्याशा वायूने सहसा आजार होत नाही, पण मैल्याचे जंतू मात्र जुलाब आणि कावीळ आणतात. म्हणून तपासणी हवी. काळी पडणाऱ्या बाटलीची तपासणी ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी 1982 साली मांडली. बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवतात. एक-दोन दिवसांत पाणी काळे झाले तर मैल्याचे जंतू असण्याची शक्यता धरतात. पण आधीच वास मारणारे पाणी ओतताच बाटली काळी होऊ शकते. तेव्हा पक्का निकाल भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या यवतमाळच्या जिल्हा प्रयोगशाळेतून घ्यावा. तोवर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून झाकलेल्या विहिरीच्या तळाशी साचतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाला की नाक बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस आणखी खाली जातो आणि तिथेच बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच पडतो. कंदील खाली सोडून पाहणे ही परीक्षा नव्हे. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढेच कळते, वायूचे विष कळत नाही. शिवाय हा वायू पेट घेतो. विहिरी आणि टाक्या साफ करायला वर्षानुवर्षे आपल्याच वस्तीतली माणसे बोलावली गेली आहेत. शौचालयाच्या टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. विहिरीतला वायूही तितकाच घातक असतो. पाचशे रुपये हातावर ठेवून कुणी "जरा उतरून बघ" म्हणाला, तर आम्ही एवढेच सांगू : गळ, मोटर आणि बादली वरूनच काम करतात. नाही म्हणा.