विमा दावा का नाकारला? : पॉलिसीच्या पानांचा आधार घेणारे पत्र

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, कर्नाटक शासनाच्या किऑनिक्स या महामंडळाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक सिटी वसविली. आज तेथील कंपन्यांत महाराष्ट्रातून गेलेले तरुण मोठ्या संख्येने काम करतात. त्यांच्यापैकी अनेकांचा आरोग्य विमा स्वतः खरेदी केलेला नसून कंपनीने घेतलेल्या समूह पॉलिसीतून मिळालेला असतो. हप्ता कंपनी भरते, कर्मचाऱ्याच्या हाती ओळखपत्र व लाभांचा एक पानी तक्ता येतो. मूळ पॉलिसी त्याने बहुधा पाहिलेलीच नसते. दावा नाकारला गेल्यावर हीच उणीव प्रथम जाणवते.

एक काल्पनिक, परंतु व्यवहारात नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या एका अभियंत्याच्या पत्नीला पावसाळ्यात डेंग्यू झाला. ताप, सततच्या उलट्या व पोटदुखी असल्याने डॉक्टरांनी तिला रुग्णालयात दाखल करून घेतले. चार दिवस शिरेतून द्रव देण्यात आले. प्लेटलेटची संख्या ४२ हजारांपर्यंत उतरली व मग सावरली. बिल झाले ६८,४०० रुपये. तीन आठवड्यांनी विमा कंपनीचे दोन ओळींचे पत्र आले : रुग्णास केवळ तपासणीसाठी दाखल केले होते, सबब `Excl04` नुसार दावा देय नाही.

हा संकेतांक कोठून आला? आरोग्य विम्यातून वगळलेल्या काही बाबींचे शब्द व क्रमांक नियामक प्राधिकरणाने (आयआरडीएआय) सर्व कंपन्यांसाठी एकसारखे केले आहेत. `Excl01` पूर्वीपासून असलेल्या आजारांसंबंधी आहे, तर `Excl04` तपासणी व मूल्यमापनासंबंधी. या चौथ्या कलमाचा आशय असा की, रुग्णालयात दाखल होणे हे मुख्यत्वे केवळ निदान व मूल्यमापनासाठी असेल तर तो खर्च मिळणार नाही. तसेच चालू आजाराशी संबंध नसलेल्या चाचण्यांचाही खर्च मिळणार नाही. ‘केवळ’ या एका शब्दावर सारे प्रकरण उभे आहे. तपासण्या झाल्या म्हणून कलम लागू होत नाही. उपचार झालेच नाहीत, तर ते लागू होते.

मग कंपनीने असा अर्थ का काढला? उत्तर अनेकदा रुग्णालयाच्या डिस्चार्ज सारांशात सापडते. ‘तापाच्या मूल्यमापनासाठी व उपचारासाठी दाखल’ असे वाक्य डॉक्टर सवयीने लिहितात. कागद तपासणाऱ्याची नजर ‘मूल्यमापन’ या शब्दावर थांबते, पुढील ‘उपचार’ मागे पडतो. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी सारांश, परिचारिकांची दैनंदिन नोंद व औषधांचा तक्ता यांच्या प्रती रुग्णालयातून मागवाव्यात. सारांशात स्वतः खाडाखोड करणे हा तर अपराधच. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून स्पष्टीकरणाचा दाखला घेता येतो.

दुसरी तयारी पॉलिसीच्या पानांची. समूह पॉलिसी असल्यास मनुष्यबळ विभागाकडे संपूर्ण पॉलिसी, तिचे परिशिष्ट व नंतरचे सुधारणा-लेख लेखी मागावेत, कारण मूळ अटी या सुधारणा-लेखांनी बदललेल्या असू शकतात. प्रत्येक विमा उत्पादनाला एक विशिष्ट ओळख क्रमांक (यूआयएन) असतो. परिशिष्टावरील क्रमांक आणि अटींच्या पानांच्या तळाशी छापलेला क्रमांक एकच आहे ना, हे पडताळावे. संकेतस्थळावरून उतरवलेली पाने पुष्कळदा दुसऱ्या आवृत्तीची निघतात आणि मग सारा युक्तिवाद फुकट जातो. आणखी एक बारीक गोष्ट : संगणकावर दिसणारा पृष्ठ क्रमांक व पानावर छापलेला क्रमांक यांत फरक असतो. पत्रात छापील क्रमांक व कलम क्रमांक दोन्ही द्यावेत.

आता पत्र. ते कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास उद्देशून असावे. दावा मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार विमा कंपनीचा असतो. कागदपत्रे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेला (टीपीए) फार तर प्रत पाठवावी. पत्राचा गाभा पुढीलप्रमाणे असेल :

‘महोदय, आपल्या पत्रात `Excl04` चा आधार घेतला आहे. पॉलिसीच्या पृष्ठ १९ वरील या कलमानुसार केवळ निदानासाठी झालेले दाखल होणे वगळले आहे. सोबतच्या औषध तक्त्यानुसार रुग्णास चार दिवस शिरेतून द्रव देण्यात आले. दाखल होण्यापूर्वीच एनएस-१ चाचणीतून निदान झाले होते; अहवालाची तारीख पाहावी. पृष्ठ ६ वरील “वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार” या व्याख्येतील कोणती अट पूर्ण होत नाही, आणि ती कोणत्या नोंदीवरून ठरविली, हे कृपया लेखी कळवावे. अन्यथा दाव्याचा फेरविचार करावा.’

या पत्रात संताप नाही, कुटुंबाच्या हालांचे वर्णनही नाही. प्रत्येक विधानामागे एक पान व एक कागद आहे. निदानाची तारीख हा यातील सर्वांत भक्कम मुद्दा होय; निदान आधीच झालेले असेल तर ‘निदानासाठी दाखल’ हे कारण टिकत नाही. व्याख्येचा उल्लेख मात्र दुधारी आहे. उपचाराची पातळी आजाराच्या गरजेपेक्षा अधिक नसावी, अशीही अट त्या व्याख्येत असते. नोंदींत फक्त तापाच्या गोळ्या आणि स्थिर रक्तदाब दिसत असेल, तर बाह्यरुग्ण म्हणून उपचार शक्य होते, हे कंपनीचे म्हणणे खरे ठरू शकते. उदाहरणातील रुग्णाच्या उलट्या व पोटदुखी ही डेंग्यूतील धोक्याची लक्षणे मानली जातात. त्यांची नोंद सारांशात आहे, हे पत्रात सांगावे.

कारण विचारण्याचा हा हक्क कोरडा नाही. प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा पूर्णतः वा अंशतः नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटींचा संदर्भ देऊन कारण कळविणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि असा नकार कंपनीच्या समितीच्या मान्यतेशिवाय देता येत नाही. लेखी कारणाचे महत्त्व पुढेही राहते. ‘सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स’ या २०१९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, नकारपत्रात न मांडलेले कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. तेथे दावा कळविण्यातील विलंबाचा मुद्दा नकारपत्रात नव्हता; तो नंतर काढला गेला होता. म्हणजे आपल्या पत्राला आलेले उत्तर कंपनीचीही हद्द आखून देते.

पत्र ई-मेलने पाठवून पोच जपावी. तीच तक्रार प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर पाने जोडून नोंदविता येते. उत्तर असमाधानकारक असेल, किंवा एक महिना उलटूनही उत्तर न आल्यास, विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. २०१७ च्या नियमांनुसार आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असणे ही तेथील पूर्वअट आहे, त्यामुळे वरील पत्र वगळून थेट लोकपालाकडे धाव घेणाऱ्यास परत पाठविले जाते. तोच वाद ग्राहक आयोगापुढे वा न्यायालयात प्रलंबित नसावा. कर्नाटकासाठीचे लोकपाल कार्यालय बंगळुरूतच, जे. पी. नगर येथे आहे. शुल्क लागत नाही, वकिलाची गरज नाही. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालास आहे. २०२३ पूर्वी ही मर्यादा ३० लाख होती. आवश्यक कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो, तो विमा कंपनीवर बंधनकारक असतो आणि कंपनीने ३० दिवसांत त्याचे पालन करावयाचे असते.